`2.20` एकराचे ८,९०३ चौरस मीटर कसे येतात? एकर-गुंठ्यांचं क्षेत्र चुकतं तेव्हा

जमिनीची यादी एक्सेलमध्ये घेतली, शेजारच्या रकान्यात ४०४६.८६ ने गुणलं, सूत्र खालपर्यंत ओढलं, आणि बेरीज सातबाऱ्याशी जुळेना. तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते: “काही ओळी अगदी तंतोतंत येतात, बाकीच्या कमी येतात, आणि कमी येण्यात काही ताळमेळ दिसत नाही.” ताळमेळ असतो. ज्या ओळी बरोबर येतात त्यांत पूर्ण एकर असतात, `3.00`, `5.00` अशा. ज्या चुकतात त्यांना गुंठ्यांची शेपटी असते. आणि चुकलेला आकडा कायम कमीच येतो, जास्त कधीच नाही. तुमच्या यादीत हे दोन्ही दिसत असेल तर दोष सूत्राच्या गुणकात नाही, लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

आपल्याकडे २ एकर २० गुंठे हे क्षेत्र पिढ्यान्‌पिढ्या २.२० किंवा २-२० असं लिहिलं जातं. त्यातला टिंब दशांशचिन्ह नव्हे. तो फक्त एकर आणि गुंठे वेगळे करतो, जसा घड्याळातल्या ९.४५ मधला टिंब तास आणि मिनिटं वेगळी करतो. एका एकरात ४० गुंठे, म्हणजे २० गुंठे हा अर्धा एकर झाला आणि २.२० म्हणजे खरं तर अडीच एकर. एक्सेलला हे कुठून कळणार? त्याच्या लेखी `2.20` म्हणजे दोन पूर्णांक वीस शतांश. त्यानं ४०४६.८६ ने गुणलं की ८,९०३ चौरस मीटर येतात. अडीच एकराचे यायला हवेत १०,११७. तब्बल बारा गुंठ्यांचा फटका, आणि पडद्यावर चुकीची एकही खूण नाही.

हे नेमकं किती चुकतं ते एकदा समजून घेतलं की पुढे चूक लांबूनच ओळखता येते. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दशांश समजून गुणलं की प्रत्येक गुंठा एकराचा चाळिसावा भाग न राहता शंभरावा भाग होतो आणि त्याचे फक्त ४०.४७ चौरस मीटर धरले जातात. म्हणजे लिहिलेल्या प्रत्येक गुंठ्यामागे ६०.७० चौरस मीटर गळतात. फरक हातात आला की त्याला ६०.७० ने भागून बघा. उत्तर पूर्णांकात आलं आणि ते त्या ओळीतल्या गुंठ्यांइतकंच निघालं, तर निदान पक्कं, दुसरीकडे शोधायची गरज नाही. वरच्या उदाहरणात १०,११७.१४ वजा ८,९०३.०८ म्हणजे १,२१४.०६, भागिले ६०.७० म्हणजे २०. वीस गुंठे, वीसपट गळती.

बेरीज आधी केली असेल तर दोष वेगळा दिसतो

काहीजण प्रत्येक ओळ न बदलता आधी एकर-गुंठ्यांची बेरीज करतात आणि शेवटी एकदाच चौरस मीटर काढतात. इथे चुकीचा चेहरा बदलतो, म्हणून एक छोटी यादी पूर्ण सोडवून दाखवतो. एका कुटुंबाचे चार तुकडे आहेत, हातानं लिहिलेल्या कागदावरून असे उतरवलेले: `1.20`, `2.25`, `0.35` आणि `1.3`.

शेवटचा आकडा बघून थांबायला हवं. १.३ म्हणजे एक एकर तीन गुंठे की एक एकर तीस गुंठे? एक्सेलमध्ये `1.30` टाकलं तरी सेल साधा असेल तर शेवटचं शून्य गायब होऊन `1.3` दिसतं. उलट कुणी एक एकर तीन गुंठ्यांसाठी `1.03` न टाकता सरळ `1.3` टाकलं असण्याचीही तेवढीच शक्यता असते. पडद्यावर दोन्ही सारखेच. सूत्र कितीही हुशार केलं तरी हे कोडं सुटणार नाही, कारण माहितीच पुसली गेली आहे. त्यासाठी मूळ कागद किंवा सातबारा बघावाच लागतो. या तुकड्याच्या सातबाऱ्यावर क्षेत्र ०.७०.८२ आहे असं धरू, म्हणजे ७० आर ८२ चौरस मीटर, अर्थात ७,०८२ चौरस मीटर. एक एकर तीस गुंठे म्हणजे ७० गुंठे, त्यांचे ७,०८२ होतात. एक एकर तीन गुंठ्यांचे ४,३५० झाले असते. तेव्हा तीस.

आता बेरीज. एक्सेल सांगेल ५.१०. हे दशांश समजून गुणलं तर २०,६३८.९७ चौरस मीटर. “अहो, हे दशांश नाहीत, ५ एकर १० गुंठे आहेत” असं म्हणून सुधारलं, तर २१० गुंठे, म्हणजे २१,२४६ चौरस मीटर. हेही चूक. खरी बेरीज गुंठ्यांतच करावी लागते: ६० अधिक १०५ अधिक ३५ अधिक ७०, एकूण २७० गुंठे. म्हणजे ६ एकर ३० गुंठे, २७,३१६.२८ चौरस मीटर.

दुसऱ्या, अर्धवट सुधारलेल्या उत्तरात नेमके ६० गुंठे कमी पडले आहेत. याचं कारण हातचा. टिंबानंतरचे २०, २५, ३५, ३० मिळून ११० होतात. एक्सेल त्यातून शंभर गेले की एक एकर वाढवतं, पण शंभर गुंठ्यांत अडीच एकर असतात. प्रत्येक हातच्यामागे दीड एकर, म्हणजे ६० गुंठे, म्हणजे ६,०७०.२८ चौरस मीटर हवेत विरतात. म्हणून एकूण बेरजेतला फरक ६,०७० च्या पटीत असेल तर ओळींकडे जाऊच नका, बेरजेची ओळ तपासा. आणि लहान यादीत हा दोष दिसतच नाही ही त्यातली खरी मेख आहे. गुंठ्यांची बेरीज ९९ च्या आत राहिली तर टिंबवाली बेरीज वाचणाऱ्याला बरोबर वाचता येते. ३.८० आलं तर माणूस “तीन एकर ऐंशी गुंठे, म्हणजे पाच एकर” असं मनात करून मोकळा होतो. चार ओळींवर चाचणी करून चारशे ओळींची यादी सोडली की मग घोळ बाहेर येतो.

दुरुस्ती, आणि त्याआधीचा एक प्रश्न

सूत्र बदलण्याआधी हे ठरवायला हवं की तुमच्या यादीतले टिंब खरोखरच गुंठ्यांचे आहेत का. दशांश एकरात लिहिलेल्या याद्याही असतात. बँकेच्या, विमा कंपनीच्या किंवा एखाद्या मोजणी सॉफ्टवेअरमधून निघालेल्या यादीत २.५० म्हणजे अडीच एकरच असतं. अशा यादीवर गुंठ्यांचं सूत्र चालवलं की चूक उलट्या दिशेनं होते आणि क्षेत्र फुगतं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे टिंबानंतरचा सगळ्यात मोठा आकडा. गुंठे ३९ च्या पुढे जाऊ शकत नाहीत, चाळीस झाले की एकर होतो. पूर्ण रकान्यात टिंबानंतर ३९ पेक्षा मोठं काहीच नसेल आणि ओळी शंभरेक तरी असतील, तर ते गुंठेच. दशांशांच्या यादीत शंभर ओळींत एकदाही .४० ते .९९ मधलं काही येऊ नये हा योगायोग होत नाही. उलट .६५, .८०, .७५ असं सर्रास दिसलं तर ते दशांश. फार थोड्या ओळी ३९ च्या वर असतील, तर मिश्रण आहे: मूळ यादी गुंठ्यांची आणि मध्येच कुणीतरी अडीच एकर `2.5` म्हणून टाकलेत. `2.5` ला तर तीन अर्थ आहेत: दोन एकर पाच गुंठे म्हणजे ८,५९९.५७ चौरस मीटर, अडीच एकर म्हणजे १०,११७.१४, आणि दोन एकर पन्नास गुंठे, जे शक्यच नाही. खाली दिलेलं सूत्र `2.5` ला नेहमी पन्नास गुंठे समजेल, म्हणून ही ओळ तपासणीत नक्की पकडली जाते. `1.3` मात्र तीस म्हणून निसटते. टिंबानंतर एकच अंक असलेली प्रत्येक ओळ म्हणूनच हातानं बघावी असं माझं मत आहे, मग ती तपासणीत अडको वा न अडको.

प्रदेशावरही थोडं लक्ष ठेवा. कर्नाटकातल्या पहाणीत एकर, गुंठे आणि गुंठ्याचा अंश असे तीन कप्पे टिंबानं तोडलेले असतात, २.२०.०० असे. बेळगाव, निपाणी, बिदरकडच्या मंडळींना हे रोजचं. तेलंगणातही चाळीस गुंठ्यांचाच एकर. पण आंध्रात एकराचे शंभर सेंट करतात, तिथलं २.२० म्हणजे खरोखरच दशांश. छत्तीसगडकडचं डिसमिलही एकराचा शंभरावा भाग. जुन्या मध्य प्रांताच्या पद्धतीचे कागद हातात आले तर दशांश असण्याची शक्यता मनात ठेवूनच रकाना वाचा.

गुंठेच आहेत अशी खात्री झाली की मूळ आकड्यावर थेट गुणाकार करू नका. मध्ये एकूण गुंठ्यांचा एक रकाना ठेवा. मूळ आकडा `A` रकान्यात आहे असं धरून:

```
B2:  =INT(A2)*40+ROUND(MOD(A2,1)*100,0)
C2:  =B2*4046.8564224/40
D2:  =IF(ROUND(MOD(A2,1)*100,0)>39,"तपासा","")
```

`B` मध्ये गुंठे, `C` मध्ये चौरस मीटर, `D` मध्ये अशक्य ओळींवर बोट. यातला `ROUND` हौसेखातर नाही. संगणक १.१५ हा आकडा आत अगदी जवळच्या, पण किंचित लहान आकड्याच्या रूपात ठेवतो. त्यातून १ वजा केला की ०.१४९९९… उरतं. त्याला शंभरनं गुणून नुसता पूर्णांक घेतला तर पंधराचे चौदा गुंठे होऊ शकतात. असा एक-एक गुंठा सुटत गेला की फरक १०१ च्या पटीत येतो, आणि तो शोधणं सगळ्यात कंटाळवाणं, कारण तो काहीच ओळींत असतो आणि कुठल्या ओळींत ते डोळ्यांना दिसत नाही.

४०४६.८५६४२२४ हा आकडा १९५९ सालच्या आंतरराष्ट्रीय यार्डावरून येतो, जो बरोबर ०.९१४४ मीटर धरला आहे. ४०४६.८६ घेतलं तरी शंभर एकरांत अर्ध्या चौरस मीटरचाही फरक पडत नाही, त्यामुळे त्या दशांशांवरून भांडू नका. बेरीज मात्र `B` रकान्याचीच करा. शेवटी एकर-गुंठ्यांत परत लिहायची असेल तर:

```
=INT(B6/40)&" एकर "&MOD(B6,40)&" गुंठे"
```

२७० वर हे चालवलं की “६ एकर ३० गुंठे” येतं (पडद्यावर इंग्रजी आकड्यांत). कागदावरच्या बेरजेशी ताडून बघायला हेच रूप सोयीचं.

आडवी रेघ वापरली तर

टिंबाचा घोळ नको म्हणून काहीजण `1-10` असं टाकतात. विचार चांगला आहे, पण एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. भारतीय तारखेची मांडणी असलेल्या संगणकावर एक एकर दहा गुंठे एक ऑक्टोबर होतात. पडद्यावर `01-Oct` दिसलं तर निदान कळतं तरी. पण रकान्याचं रूप आधीच संख्येचं असेल, किंवा नंतर कुणी बदललं, तर तिथे पंचेचाळीस हजारांच्या पुढचा काहीतरी आकडा दिसतो, कारण एक्सेल तारीख १९०० सालापासूनच्या दिवसांच्या मोजणीत ठेवतं. त्याचे चौरस मीटर काढले की अठरा कोटींच्या घरात जातात. एवढा मोठा आकडा आला तर जमीन नव्हे, तारीख गुणली गेली आहे.

दुःखाची गोष्ट अशी की तारीख झालेली ओळ परत वळवता येईलच असं नाही. `1-10` चा महिना दहा आणि दिवस एक हे उलगडता येतं. पण `2-20` मध्ये वीस हा महिना होऊ शकत नाही म्हणून एक्सेल त्याचा फेब्रुवारी २०२० करतं, आणि `2-35` चा, संगणकाच्या मांडणीनुसार, फेब्रुवारी १९३५ किंवा २०३५. तीन वेगळे नियम एकाच रकान्यात लागलेले असतात. अशा यादीवर सूत्रं लिहीत बसण्यापेक्षा मूळ कागदावरून पुन्हा टाकणं स्वस्त पडतं. टाकायच्या आधी पूर्ण रकाना निवडून त्याचं रूप मजकूर करून घ्या, नंतर करून उपयोग नाही. सगळ्यांत बरं म्हणजे एकराचा एक रकाना आणि गुंठ्यांचा दुसरा. नवीन यादी सुरू करत असाल तर याला पर्याय शोधूच नका. टिंब, रेघ, तारीख, गायब शून्य, सगळी भांडणं एका फटक्यात मिटतात.

यादीत आकड्यांऐवजी मजकूर असेल तर

“२ एकर २० गुंठे”, “२ ए. २० गुं.”, “३५ गुंठे”, “अडीच एकर” अशा ओळी येतात तेव्हा काम खरं तर सोपं होतं, कारण लिहिणाऱ्यानं काय म्हणायचं ते शब्दांत सांगितलेलं असतं. इथे चूक होते ती ओळ नीट न वाचता त्यातले आकडे उपटून घेतल्यानं. “३५ गुंठे” मधून ३५ उचलून ते एकर समजले गेले की एका ओळीत चाळीसपट क्षेत्र होतं. म्हणून मजकूर वाचताना नियम एकच: आकड्यामागे त्याचं माप लिहिलेलं नसेल तर ती ओळ सोडवायची नाही, बाजूला काढायची.

पायथनमध्ये हे असं:

```python
import re
GUNTHA = 4046.8564224 / 40
PAT = re.compile(r'\s*(?:(\d+)\s*(?:एकर|ए\.?))?'
                 r'\s*(?:(\d+(?:\.\d+)?)\s*(?:गुंठे|गुंठा|गुं\.?))?\s*')

def to_sqm(s):
    m = PAT.fullmatch(s)
    if not m or not (m[1] or m[2]):
        return None
    a, g = int(m[1] or 0), float(m[2] or 0)
    if a and g >= 40:
        return None
    return round((a * 40 + g) * GUNTHA, 2)
```

“२ एकर २० गुंठे” दिलं की १०११७.१४ मिळतं. पायथनमधला `\d` देवनागरी अंकही ओळखतो आणि `int`, `float` त्यांचे आकडे करून देतात, त्यामुळे अंक आधी इंग्रजी करून घ्यायची गरज नाही. जावास्क्रिप्टमध्ये मात्र `\d` म्हणजे फक्त 0 ते 9. तिथे हाच नमुना जसाच्या तसा नेला तर देवनागरी अंकांची प्रत्येक ओळ नापास होईल. एक्सेलमध्ये देवनागरी अंक सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसले तर तो मजकूर आहे असं समजा. `SUM` अशा सेल गुपचूप वगळतं आणि बेरीज कमी येते, पण ही कमी ६०.७० च्या किंवा ६,०७० च्या पटीत बसत नाही. बसत नसेल तर आधी हेच बघावं.

नुसते गुंठे असतील तर ४० च्या वरचा आकडा चालवून घेतला आहे, कारण “६० गुंठे” असं लोक सहज म्हणतात. एकरासोबत मात्र ४० किंवा त्याहून जास्त असतील तर `None`. “२.५ एकर”, “२.२० एकर” यांनाही मुद्दाम `None` मिळतं, कारण वरचं सगळं रामायण त्या टिंबावरूनच आहे. स्पेलिंगही पकडून ठेवावं लागतं: गुण्ठे, गुठे, गूंठे, काहीही येतं. जी रूपं खरोखर यादीत सापडतील तेवढीच नमुन्यात वाढवा. सगळं खपवून घेणारा नमुना लिहिला की चुकीची ओळही खपते.

आता अडीच, दीड, सव्वा. यांना घाबरायचं कारण नाही, कारण ४० ला ४ ने भाग जातो आणि पाव एकर म्हणजे बरोबर दहा गुंठे. म्हणून आपल्या बोलीतले सगळे अपूर्णांक पूर्ण गुंठ्यांत उतरतात. पाव एकर १०, अर्धा २०, पाऊण ३०, सव्वा ५०, दीड ६०, पावणेदोन ७०, सव्वादोन ९०, अडीच १००, पावणेतीन ११०, साडेतीन १४०. दहा-पंधरा शब्दांचा कोश करून तो वरच्या फंक्शनच्या आधी बघितला की झालं. फक्त शब्दामागे एकर आहे की गुंठे ते बघा. “अडीच गुंठे” गावठाणालगतच्या प्लॉटांच्या याद्यांत वारंवार येतं, आणि ते अडीच एकर समजलं गेलं तर २५३ चौरस मीटरचे १०,११७ होतात.

जुन्या हस्तलिखित कागदांवर आणखी एक गोष्ट सापडते. ४-१२॥ असं लिहिलेलं असतं आणि टाइप करणारा ते दोन दंड विरामचिन्ह समजून सोडून देतो. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण, ही जुनी खूण आहे. ४-१२॥ म्हणजे चार एकर साडेबारा गुंठे, १७२.५ गुंठे, १७,४५२.०७ चौरस मीटर. दंड सोडले तर ५०.५९ कमी. कुठे गुंठ्यांनंतर आणेही असतात, गुंठ्याचे सोळा आणे. एक आणा ६.३२ चौरस मीटर. फरक ६.३२ च्या पटीत आला तर आण्यांचा रकाना राहून गेला आहे.

सगळं बरोबर करूनही सातबारा जुळत नाही

सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. प्रत्येक कप्पा दोन अंकी असेल तर टिंब काढून टाकले की थेट चौरस मीटर मिळतात: १.०१.१७ म्हणजे १०,११७. पण कुणी १.१.१७ असं उतरवलं असेल तर तीच युक्ती १,११७ देईल, तेव्हा कप्प्यांतली शून्यं आधी भरा.

इथला फरक छोटा असतो आणि टक्क्यांत बघावा लागतो. तुमचं उत्तर सातबाऱ्यापेक्षा १.१७ टक्के जास्त असेल, तर सातबाऱ्यावर चढवताना गुंठा म्हणजे एक आर, १०० चौरस मीटर, असं कुणीतरी धरलेलं असतं. बोलण्यात गुंठा आणि आर एकच समजतात, त्यामुळे हे फार होतं. ४ एकर १२ गुंठे खरे १७,४०१.४८ चौरस मीटर, गुंठ्याचे १०० धरले तर १७,२००. १०१ धरले तर १७,३७२, म्हणजे फरक ०.१७ टक्के. आणि फरक कुठल्याच टक्क्यात बसत नसून पन्नासच्या आत, कधी वर कधी खाली असेल, तर ते आरापर्यंत पूर्णांक केलेलं क्षेत्र आहे.

मोठा आणि कशातच न बसणारा फरक असेल तर पोटखराबा बघा. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा आणि एकूण क्षेत्र वेगवेगळं असतं. घरचे लोक “आपलं चार एकर” म्हणतात तेव्हा ते बहुधा कसतात तेवढंच सांगत असतात, ओढा आणि खडक त्यात धरत नाहीत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. तुलना करताना एकाचा कसलेला तुकडा आणि दुसऱ्याचं एकूण घेतलं की भांडण उभं राहतं.

आकडा जुळत नाही म्हणून आपल्या यादीतलं क्षेत्र सातबाऱ्याकडे सरकवून घेऊ नका, आणि सातबाऱ्याचा आकडा खोडून आपलं गणितही बसवू नका. यादीत तीन रकाने शेजारी ठेवा: कागदावर जसं लिहिलं होतं तो मजकूर, त्यावरून काढलेले चौरस मीटर, आणि सातबाऱ्यावरचे चौरस मीटर. व्यवहारासाठी सातबाऱ्याचाच आकडा धरतात. तो चुकला आहे असं वाटत असेल तर दुरुस्तीचा अर्ज तहसीलदाराकडे, आणि जमिनीवरच शंका असेल तर मोजणी भूमी अभिलेखाकडे. मूळ मजकुराचा रकाना मात्र कधीही पुसायचा नाही. पुढच्या वेळी कुणी `1.3` वर बोट ठेवेल तेव्हा तोच उघडावा लागेल.